समस्या निवारण : लेखाचा खरा मुद्दा शेवटल्या परिच्छेदात दडून बसतो

लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट शेवटल्या परिच्छेदात सापडली, तर तो परिच्छेद उचलून वर ठेवायचा. यात कोणाचं दुमत नसतं. अडचण येते ती पुढे. खाली असताना जे वाक्य पक्कं उभं होतं, ते वर आलं की लंगडतं. ‘म्हणूनच’ कशामुळे ते कळत नाही, ‘ती’ म्हणजे कोण ते कळत नाही, आणि मुद्द्याला घातलेली अट मधल्या कुठल्यातरी परिच्छेदात मागेच राहते. परिच्छेद हलवायला मिनिट लागतं, सांधे बसवायला अर्धा तास. बहुतेक जण ते मिनिट खर्च करून थांबतात आणि ‘आधीचाच क्रम बरा होता’ म्हणतात.

लक्षणं

लेख वाचलेला माणूस फोन करून जे विचारतो, त्याचं उत्तर लेखातच असतं, फक्त तळाशी. कोणी लेख पुढे पाठवतो तेव्हा अख्खा पाठवत नाही, शेवटचा तुकडा कापून पाठवतो. लिहिणाऱ्याला चहाच्या टपरीवर विचारलं, ‘काय लिहिलं बा?’, तर तो तोंडी जे पहिलं वाक्य बोलतो ते लेखात सगळ्यात खाली असतं. हे तिसरं लक्षण सगळ्यात भरवशाचं.

कागदावरची खूण याहून सोपी. शेवटल्या परिच्छेदाची सुरुवात ‘म्हणूनच’, ‘खरं पाहता’, ‘सांगायचं तात्पर्य’ किंवा ‘महत्त्वाची गोष्ट म्हणजे’ अशी असेल, आणि पहिल्या परिच्छेदात गावाचं, पिकाचं किंवा काळाचं कौतुक असेल, तर तपासणी सुरू करावी.

हे होतं का, तेही माहीत असलेलं बरं, कारण इलाज त्यावर ठरतो. एक तर शाळेतल्या निबंधाची सवय : प्रस्तावना, विस्तार, उपसंहार. दुसरी सवय कीर्तनाची आणि सभेची. तिथे पूर्वरंग लांबला तरी माणूस मांडी घालून बसलेला असतो, उठून गेला तर चारचौघांत दिसतो. वाचणाऱ्याला उठून जायला काहीच लागत नाही, मोटार सुरू करायची वेळ झाली की तो जातो. तिसरं कारण जास्त खोल आहे : लिहिणारा ज्या क्रमानं विचार करत गेला त्याच क्रमानं लिहीत गेला, आणि निष्कर्ष त्याला स्वतःलाच शेवटी सापडला. म्हणून पहिल्या खर्ड्यात मुद्दा खाली असणं हा दोष नव्हे. तोच खर्डा तसाच बाहेर जाणं हा दोष.

पुढे वापरलेलं उदाहरण

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर डिसेंबरमध्ये द्यायचा, सहा परिच्छेदांचा एक लेख समजा. पहिल्यात पांढरं सोनं आणि विदर्भाची काळी जमीन. दुसऱ्यात इतिहास : 2002 मध्ये बीटी वाणांना परवानगी, 2006 मध्ये दोन जनुकांचं बियाणं, आणि 2017 च्या हंगामात विदर्भात अळीचा मोठा प्रकोप. तिसऱ्यात अळी बोंडात शिरते कशी, डोमकळी दिसते कशी. चौथ्यात कामगंध सापळे. पाचव्यात निंबोळी अर्क, आणि जाता जाता कपाशीनंतर काय पेरता येईल त्याच्या दोन ओळी. सहावा परिच्छेद असा :

> म्हणूनच तिला जगवणारी ही सवय आता सोडली पाहिजे. वर सांगितल्याप्रमाणे ती सरकीत पडून राहते आणि फरदडीमुळे तिला उन्हाळ्यापर्यंत खाणं मिळतं. ओलिताची सोय असणाऱ्यांनी डिसेंबरनंतर पाणी तोडावं, शेवटला वेचा झाला की पऱ्हाटी उपटावी, आणि तिचे ढीग धुऱ्यावर ठेवू नयेत.

फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन आणखी वेच्यांसाठी उभी ठेवलेली कपाशी. डिसेंबरात हा लेख हातात घेणारा माणूस कपाशीला आणखी एक पाणी द्यावं की नाही, या विचारात धुऱ्यावर उभा आहे. त्याचं उत्तर सहाव्या परिच्छेदात आहे, आणि तिथवर तो पोचत नाही.

पहिली तपासणी : फक्त दोन परिच्छेद मोठ्यानं वाचा

पहिला आणि शेवटला परिच्छेद मोठ्यानं वाचायचा, मधलं काहीच नाही. मग एकच प्रश्न विचारायचा : यातला कोणता वाचून माणूस उद्या सकाळी काही वेगळं करेल? पांढऱ्या सोन्याचा परिच्छेद वाचून कोणी काही करत नाही. फरदडीचा वाचून मोटार बंद राहू शकते.

‘दमदार मुद्दा’ म्हणजे सगळ्यात सुंदर वाक्य, असा एक गैरसमज असतो. त्या हिशोबानं बघितलं तर पांढरं सोनंच जिंकेल. माणसाच्या पुढ्यातला निर्णय ज्यानं बदलतो तो दमदार मुद्दा. म्हणून तारीखही बघावी लागते. हाच लेख ऑगस्टमध्ये द्यायचा असेल, तर फरदडीचा मुद्दा वर आणून उपयोग नाही. तेव्हा पऱ्हाटीला पात्या-फुलं आहेत आणि चौथा परिच्छेद, सापळ्यांचा, वर यायला हवा. क्रम लेखाला कायमचा चिकटलेला नसतो.

दोन्ही परिच्छेद तितकेच पोकळ वाटले, तर आजार वेगळा आहे. मुद्दा दडलेला नाही, मुद्दाच नाही. परिच्छेद हलवून तो निर्माण होणार नाही, तेव्हा इथेच थांबावं.

दुसरी तपासणी : पहिला परिच्छेद झाकून बघा

हातानं किंवा कागदानं पहिला परिच्छेद झाकायचा आणि दुसऱ्यापासून वाचायचं. काही अडलं का? अडलं नाही तर तो परिच्छेद गेला. बरेचदा दुखणं एवढंच असतं : मुद्दा तळाशी नसून दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदातच असतो, आणि वरची वखरणी काढली की उघडा पडतो.

झाकलेल्या परिच्छेदात एखादं नाव, जागा किंवा वर्ष पहिल्यांदा आलेलं असेल, तर तेवढंच एक वाक्य वाचवायचं. ‘एवढं चांगलं लिहिलंय, राहू द्या ना’ हा हट्ट मात्र पुरवायचा नाही.

आपल्या उदाहरणात पहिला परिच्छेद गेला तरी पुढे 2002 चा इतिहास लागतो. म्हणजे एवढ्यानं भागत नाही.

तिसरी तपासणी : प्रत्येक परिच्छेदाची चिठ्ठी

एका परिच्छेदाला एक चिठ्ठी. तिच्यावर ‘इतिहास’, ‘सापळे’ असा विषय लिहायचा नाही, पूर्ण वाक्य लिहायचं : हा परिच्छेद नक्की काय म्हणतो. ‘अळी बोंडाच्या आत असते, म्हणून फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही.’ असं वाक्य लिहिता आलं नाही तर त्या परिच्छेदात काही म्हटलेलंच नाही. आणि एका चिठ्ठीवर दोन वाक्यं लागली तर परिच्छेद तिथे तुटतो. उदाहरणातला पाचवा तसाच तुटतो. निंबोळी अर्काचा भाग एका चिठ्ठीवर, आणि ‘पऱ्हाटी लवकर काढली तर ओलितावर उन्हाळी भुईमूग किंवा तीळ घेता येतो’ हा दुसरीवर. ही दुसरी चिठ्ठी पुढे फार कामाची आहे.

मग प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहायचं : हे समजायला आधी कोणती चिठ्ठी वाचलेली हवी? फरदडीच्या चिठ्ठीला इतिहास लागत नाही. तिला फक्त ‘अळी बोंडावर जगते’ एवढं लागतं, आणि ते अर्ध्या वाक्यात सांगता येतं. म्हणजे ती मोकळी आहे, उचलता येते. एखाद्या चिठ्ठीला मागच्या तीन-चार चिठ्ठ्या लागत असतील, तर ती अख्खी वर नेऊ नये. तिचं फक्त मुख्य वाक्य वर न्यावं आणि कारणं खाली ठेवावीत.

आता चिठ्ठ्या जमिनीवर मांडून क्रम लावायचा. वर मुद्दा. त्याच्याखाली कारण, आणि त्याच्याखाली वाचणाऱ्याच्या मनात लगेच उठणारी हरकत. इथेच बहुतेक लेख घसरतात. ‘फरदड घेऊ नका’ म्हटल्याबरोबर माणूस म्हणतो, ‘हातचे दोन वेचे सोडू, अन् मग शेतात काय लावू?’ या हरकतीचं उत्तर तिसऱ्या जागेवर नसेल, तर मुद्दा वर आणूनही तो पुढचं वाचत नाही. म्हणून भुईमुगाची ती चिठ्ठी पाचव्यातून उठून तिसऱ्या जागेवर येते. त्यानंतर अर्क आणि सापळे. इतिहास दोन वाक्यांचा होतो आणि कारणाच्या परिच्छेदात मुरतो, कारण 2017 चा प्रकोप हा ‘अळीला बीटी बियाणं पुरत नाही’ याचा पुरावा म्हणूनच हवा आहे.

चौथी तपासणी : परिच्छेद हलवणं

आधी लेखाची एक प्रत वेगळ्या नावानं ठेवा. वर्डमध्ये परिच्छेदात कर्सर ठेवून `Alt + Shift + ↑` दाबलं की अख्खा परिच्छेद एकेक पायरी वर सरकतो, कापून चिकटवण्याची गरज पडत नाही. मोबाईलवर मात्र कापूनच चिकटवावं लागतं, आणि तिथे दोन अपघात ठरलेले. कापलेला मजकूर चिकटवण्याआधी दुसरं काही कॉपी केलं तर पहिलं जाऊ शकतं. आणि भीतीपोटी कापण्याऐवजी कॉपी केलं तर तोच परिच्छेद वरही राहतो, खालीही. हलवून झालं की हलवलेल्या परिच्छेदाचे पहिले चार शब्द शोधायला टाका. ते एकदाच सापडले पाहिजेत.

पाचवी तपासणी : सांधे

खरं काम हे. वर आणलेला परिच्छेद असा वाचायचा, जणू त्याच्या वर काहीच छापलेलं नाही. सहाव्या परिच्छेदाला तसं वाचू.

‘म्हणूनच’ : कशामुळे? वर काही नाही. शब्द काढा.

‘ही सवय’ : कोणती? फरदडीचं नाव अजून आलेलंच नाही. नाव घाला.

‘वर सांगितल्याप्रमाणे’ : आता ते खाली सांगितलेलं आहे. हा शब्दसमूह निम्म्या वेळा तसाच राहून जातो, म्हणून ‘वर’, ‘वरील’, ‘आधी पाहिलं’ हे शब्द मुद्दाम शोधून काढावेत.

आणि ‘ती’. मराठीत सर्वनामाला लिंग असतं, म्हणून लिहिणाऱ्याला वाटतं की घोटाळा व्हायचा नाही. पण या परिच्छेदात अळी, सवय, सरकी, फरदड आणि पऱ्हाटी, सगळ्या स्त्रीलिंगी. खाली असताना मागचे तीन परिच्छेद अळीवरच होते, त्यामुळे ‘ती’ आपोआप अळीला चिकटत होती. वर आल्यावर तो आधार गेला. ‘ती सरकीत पडून राहते’ म्हणजे कोण, फरदड? आणि ‘तिचे ढीग’ म्हणजे पऱ्हाटीचे, पण एका ओळीपूर्वी ‘तिला खाणं मिळतं’ ते अळीला. उपाय सोपा आहे : वर आणलेल्या परिच्छेदात प्रत्येक सर्वनामाच्या जागी आधी नाम घाला, मग वाचून जिथे नाम खटकतं तेवढ्याच ठिकाणी सर्वनाम परत करा.

क्रियापदाचं रूपही बघा. ‘तोडावं’, ‘उपटावी’, ‘ठेवू नयेत’ हा समारोपाचा, जाता जाता सल्ला देण्याचा सूर आहे. पहिल्या ओळीत तो ढिला पडतो. तिथे सरळ ‘नका’ हवं.

शेवटी, सुटलेली अट. तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं : पतंग शेजारच्या शेतातून उडून येतात, त्यामुळे एकट्यानं पऱ्हाटी काढून भागत नाही. मुद्दा वर गेला आणि हे वाक्य खाली राहिलं, तर लेख एकट्या शेतकऱ्याला खोटा भरवसा देतो. तो पऱ्हाटी उपटेल, शेजारचा फरदड ठेवेल, आणि पुढच्या हंगामात दोघांच्याही कपाशीवर अळी दिसेल. मुद्द्याला ज्या ज्या ठिकाणी ‘पण’, ‘मात्र’, ‘फक्त’, ‘तरच’ लागलेलं आहे, ते शब्द अख्ख्या लेखात शोधा. त्यातली जी अट वर नेलेल्या मुद्द्याची आहे, ती त्याच परिच्छेदात गेली पाहिजे.

एवढं केल्यावर लेखाची सुरुवात अशी होते :

> कपाशीला डिसेंबरनंतर पाणी देऊ नका. फरदडीचे दोन वेचे मिळतील, पण त्याच बोंडांवर गुलाबी बोंडअळी उन्हाळ्यापर्यंत जगते आणि पुढच्या कपाशीवर लवकर येते. शेवटला वेचा झाला की पऱ्हाटी उपटा, आणि पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर ठेवू नका. हे शिवारातल्या सगळ्यांनी केलं तरच उपयोग, कारण पतंग शेजारच्या शेतातून उडून येतात.

पहिल्यांदा होता त्यापेक्षा परिच्छेद थोडा वाढला. चालतं. वाढला तो अटीमुळे, शोभेमुळे नाही.

सहावी तपासणी : तळाशी पडलेला खड्डा

शेवटला परिच्छेद वर गेला की लेख मध्येच तुटल्यासारखा वाटतो. मग हात शिवशिवतात आणि लोक तोच मुद्दा दुसऱ्या शब्दांत पुन्हा खाली लिहितात. असं केलं की वाचणाऱ्याला नवीन काही मिळत नाही, आणि दोन ठिकाणच्या शब्दांत फरक पडला की भांडण वेगळंच. वर ‘डिसेंबरनंतर’ आणि खाली ‘हिवाळ्यानंतर’ असं झालं, तर माणूस आपल्या सोयीचं तेवढं उचलतो.

खड्डा भरायला उरलेल्यातला असा परिच्छेद शोधा, ज्याची वेळ सगळ्यात उशिरा येते. या लेखात तो सापळ्यांचा : पुढच्या हंगामात पेरणीनंतर 45 दिवसांच्या आसपास एकरी 2 कामगंध सापळे लावायचे, आणि सलग 3 दिवस एका सापळ्यात रोज 8 पतंग दिसले की फवारणीचा विचार करायचा. लेख त्या आकड्यावर संपला तरी पुरे. वर आजचं काम, तळाशी पुढच्या पावसाळ्यातलं.

केव्हा हलवूच नये

ज्या लेखाचा जीव शेवटच्या वळणातच आहे, म्हणजे किस्सा, व्यक्तिचित्र, आठवण, तिथे हे काही करू नये. क्रमानंच करायच्या कृतीतही नाही. अर्क गाळण्याआधी फवारा भरायला सांगितला तर नळी तुंबणारच. आणि मुद्दा वाचणाऱ्याच्या नेमका विरोधात जाणारा असेल, तर तो सांगितल्याबरोबर, कारणाच्या आधी, एक वाक्य वाचणाऱ्याच्या बाजूचं द्यावं. फरदडीच्या लेखात ते वाक्य म्हणजे ‘दोन वेचे मिळतील’. मिळतात हे खरंच आहे, आणि ते आधी मान्य केलं म्हणून पुढचा ‘पण’ ऐकला जातो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

दोनदा क्रम लावून पाहिला, सांधेही बसवले, तरी वर काय हवं यावर तुमच्यातच दोन मतं असतील, तर तिसऱ्यांदा हलवू नका. त्या लेखात बहुधा दोन लेख आहेत. विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या संपादन करणाऱ्याला द्या. तो दहा मिनिटांत सांगतो की कापायचं कुठे.

लेख दुसऱ्याचा असेल तर क्रम बदलून परस्पर बाहेर पाठवू नये. एखाद्या माणसावर, दुकानावर किंवा कार्यालयावर आरोप असलेलं वाक्य वर येत असेल, तर तिथेही हात आवरा. तळाशी, पुराव्याच्या मागून येणारं वाक्य पहिल्या ओळीत एकटं पडलं की त्याचं वजन बदलतं. ते आधी वकिलाच्या नजरेखालून जावं.

औषधाचं नाव, मात्रा किंवा फवारणीची वेळ असलेला परिच्छेद मात्र भाषेच्या जाणकारानंही एकट्यानं हलवू नये. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मात्रा वर आणि ‘हातमोजे, तोंडाला फडकं, वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नये’ हे चार परिच्छेद खाली, असा लेख नुसता आकडा कापून पुढे पाठवला जातो. असा परिच्छेद हलवायचाच असेल तर खबरदारीसकट अख्खा हलवा, आणि बाहेर जाण्याआधी कृषी विज्ञान केंद्रातल्या पीक संरक्षणाच्या तज्ज्ञाला नवा क्रम वाचायला द्या. जुना क्रम त्यांनी आधी तपासला असला तरी नवा पुन्हा दाखवा.